वर, खाली, तेच

भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वर्धा जिल्ह्यातल्या घराघरांत भुलाबाई बसते. ज्वारीच्या पाच ताटांच्या मखराखाली मातीची भुलाबाई आणि भुलोबा मांडतात, भोवती मुली टिपऱ्या खेळतात, गाणी होतात, आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची असते. आर्वी, हिंगणघाट, सेलू, देवळी, कुठेही चौकशी केली तर साठीच्या पुढच्या बायकांकडून एक उत्तर हमखास मिळते: शब्द गेले, चाल आहे. त्या चाल गुणगुणून दाखवतात. चार ओळी अगदी व्यवस्थित येतात, मग मधला एक शब्द सापडत नाही आणि गाणे तिथेच थांबते.

हे गाणे एखाद्या संग्रहात छापलेले असते, पण तिथपर्यंत पोहोचण्याची वाट शब्दांतून जाते. भजनांच्या आणि लोकगीतांच्या पुस्तकात शेवटी अकारविल्हे सूची असते आणि ती पहिल्या शब्दावरून लावलेली असते. पहिलाच शब्द आठवत नसलेल्या माणसाला तिचा उपयोग नाही. सेवाग्राम आश्रमाच्या प्रार्थनेशी जोडलेल्या ‘आश्रम भजनावली’चेही तेच. तिचे संपादन विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांनी साबरमतीत केले. ते स्वतः गायक होते, म्हणून अनेक भजनांच्या डोक्यावर राग आणि ताल छापलेला आहे. पण एका रागात अनेक भजने बसतात, त्यामुळे रागाचे नाव सांगूनही चाल हाती लागत नाही.

मग चालीवरूनच सूची का लावू नये? हा प्रश्न संगणकाच्या आधीचा आहे, आणि त्याचे सर्वांत सोपे उत्तर 1975 साली इंग्लंडमध्ये डेनिस पार्सन्स यांनी छापले. त्यांच्या ‘डिरेक्टरी ऑफ ट्यून्स’ या ग्रंथात हजारो पाश्चात्त्य चाली होत्या, आणि त्या शोधण्यासाठी वाचकाला नोटेशन येण्याची गरज नव्हती. पहिला सूर धरायचा आणि पुढचा प्रत्येक सूर आधीच्या सुरापेक्षा वर गेला, खाली आला की तोच राहिला, एवढेच लिहायचे. किती वर, किती खाली, हे विचारायचे नाही. पंधराएक खुणा झाल्या की शब्दकोशात शब्द पाहावा तशी ती ओळ पाहायची.

मराठीत या तीन खुणा व, ख आणि त अशा लिहिता येतील: वर, खाली, तेच. पद्धत नीट कळावी म्हणून सगळ्यांना पाठ असलेली एक चाल घेऊ. वाढदिवसाला म्हटले जाणारे इंग्रजी गाणे वर्ध्यातही घरोघर म्हणतात. त्याची पहिली ओळ मंद्र पंचमापासून सुरू होते: प प ध प सा नि. दुसरी ओळ: प प ध प रे सा. खुणा मांडल्या तर पहिल्या ओळीच्या होतात त व ख व ख, आणि दुसरीच्याही नेमक्या त्याच. पहिल्या ओळीत पंचमावरून षड्जावर उडी आहे, दुसरीत पंचमावरून ऋषभावर. पहिली पाच अर्धसुरांची, दुसरी सात. खुणांना हा फरक दिसत नाही. दोन्हींना त्या नुसते ‘वर’ म्हणतात.

हा दोष वाटतो, पण तिसऱ्या ओळीपाशी त्याचा फायदा कळतो. तिथे मंद्र पंचमावरून थेट मध्य पंचमावर, म्हणजे पूर्ण सप्तकाची उडी आहे, आणि घरच्या मैफलीत बहुतेकांचा आवाज तिथे पोहोचत नाही. कुणी मध्यमापर्यंत जाते, कुणी गंधारावर थांबते, कुणी तिथेच पट्टी बदलते. सूर मोजणाऱ्या पद्धतीला ही सगळी वेगवेगळी गाणी वाटतील. वर-खालीच्या पद्धतीला मात्र ते सगळे एकच ओळ गात आहेत असे दिसते, कारण उडी चुकली तरी ती वरच गेली आहे आणि तिच्यानंतर चाल पायरीपायरीने उतरली आहे: त व ख ख ख ख.

माणसाच्या स्मरणशक्तीचाही कल असाच असल्याचे मानसशास्त्रज्ञांनी तपासले आहे. जे डाउलिंग आणि फुजितानी यांनी 1971 मध्ये लोकांना ओळखीच्या चाली बिघडवून ऐकवल्या. सुरांमधली अंतरे बदलली पण चढउतार तसाच ठेवला, तेव्हाही सुमारे साठ टक्के वेळा चाल ओळखली गेली. मूळ चाल जवळजवळ दर वेळी ओळखली जाते, त्यामुळे अंतरांनाही महत्त्व आहेच. पण नवी किंवा अर्धवट आठवणारी चाल डोक्यात धरताना आधी तिचा चढउतार बसतो आणि नेमकी अंतरे मागाहून येतात, असे डाउलिंग यांनी 1978 च्या लेखात मांडले. गुणगुणणारा माणूस जे हमखास बरोबर देतो तेवढ्यावरच शोध उभा करायचा, हा या पद्धतीचा पाया आहे.

आता यंत्राकडे. 1995 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात आसिफ घियास आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी गुणगुणण्यावरून गाणे शोधणारी जी रचना मांडली, तीत याच तीन खुणा होत्या. त्यांचा संग्रह 183 गाण्यांचा होता. एका गावाच्या भजनी मंडळाच्या वहीत मावेल एवढाच. दहा ते बारा खुणा मिळाल्या की त्यातली नव्वद टक्के गाणी एकमेकांपासून वेगळी काढता येतात, असे त्यांना आढळले. तीन खुणांच्या दहा जागा भरण्याचे 59,049 प्रकार होतात, त्यामुळे हा आकडा पहिल्यांदा फार चांगला वाटत नाही. पण चाली या सगळ्या प्रकारांत सारख्या विखुरलेल्या नसतात. त्या चढतात, मग उतरतात, एका सुरावर रेंगाळतात, आणि ही वळणे अनेक गाण्यांत तीच असतात.

गुणगुणण्याचे खुणांमध्ये रूपांतर होताना दोन कामे होतात. पहिले, सूर मोजणे. ध्वनी सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढ्या किंवा त्याहून थोड्या मोठ्या तुकड्यांत घेतात आणि प्रत्येक तुकड्यात लाट किती वेळाने पुन्हा येते ते पाहतात. कॉर्नेलच्या गटाने त्यासाठी लाट स्वतःवरच सरकवून कुठे सर्वांत चांगली जुळते ते तपासले. ही रीत सोपी आहे, पण तिची एक खोड आहे. लाट एका फेरीनंतर जुळते तशी दोन फेऱ्यांनंतरही जुळते, आणि यंत्राने दुसरी जुळणी धरली तर सूर नेमका निम्मा निघतो. बाई काळी चारमध्ये गात असेल, तिचा षड्ज 208 हर्ट्झवर असेल, आणि कागदावर एकदम 104 येते. ही चूक ओळखायला सोपी असते, कारण क्षणभरात सप्तकभर खाली जाऊन परत वर येणे कुणाच्या गळ्याला जमत नाही. असा तुटलेला तुकडा दिसला की तो शेजाऱ्यांशी ताडून दुप्पट करून घेतात.

मोजलेले आकडे थेट वजा करून चालत नाहीत. काळी चारमधल्या त्या बाईचा ऋषभ 233 वर येईल, म्हणजे षड्जापासून 25 हर्ट्झ वर. पांढरी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज 131 आणि ऋषभ 147, अंतर फक्त 16. कानाला दोन्ही सारखेच पाऊल वाटते, कारण कान गुणोत्तर ऐकतो, वजाबाकी नाही. म्हणून आधी अर्धसुरांची मोजपट्टी लावायची आणि मग वर-खाली ठरवायचे. अर्ध्या अर्धसुरापेक्षा कमी हालचाल झाली तर ती ‘तेच’ धरायची, हा साधा नियम बऱ्याच ठिकाणी पुरतो. तो अधिक कडक केला तर गळ्याची सहज थरथरही ‘वर’ आणि ‘खाली’ होऊन बसते. सैल केला तर कोमल ऋषभाचे पाऊल नाहीसे होते.

दुसरे काम म्हणजे एक सूर कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते ठरवणे, आणि खरी अडचण इथेच आहे. राष्ट्रगीताची पहिली ओळ मनात म्हणून पाहावी. सा, रे, मग नऊ वेळा गंधार, आणि शेवटी रे ग म. एकूण चौदा सूर, म्हणून तेरा खुणा: व व, मग आठ वेळा त, मग ख व व. हीच ओळ कुणी तोंड मिटून ‘हूं’ करत गुणगुणली, तर नऊ गंधारांच्या मध्ये काहीच अडत नाही. यंत्राला एकच लांब गंधार दिसतो आणि खुणा उरतात व व ख व व. तेरातल्या आठ गेल्या. उरलेल्या पाच खुणा इतक्या सर्वसाधारण आहेत की कुठल्याही संग्रहातल्या ढीगभर गाण्यांत त्या कुठेतरी मिळतील.

न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठातील मॅकनॅब आणि सहकाऱ्यांनी सुमारे 9,400 लोकगीतांचा संग्रह असाच शोधता येईल अशी रचना केली, तेव्हा त्यांनी गाणाऱ्याला एक साधी अट घातली: ‘ता’ किंवा ‘दा’ म्हणून गा. त-काराने आवाज क्षणभर बंद होतो, आणि त्या फटीवरून सूर मोजता येतात. भारतीय माणसाला हे परके नाही, ‘ना ना’ किंवा ‘ला ला’ करून चाल सांगायची सवय आहेच. पण ‘ना’ आणि ‘ला’ म्हणताना आवाज पूर्ण तुटत नाही, फक्त मवाळ होतो, म्हणून तिथे सुरांची मोजणी चुकण्याची शक्यता जास्त. ‘ता’चा आग्रह धरलेला बरा.

महाराष्ट्रात याच प्रश्नावर आयआयटी मुंबईच्या विद्युत अभियांत्रिकी विभागात प्रा. प्रीती राव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी काम केले. 2003 मध्ये त्यांनी मांडलेल्या रचनेचे नाव ‘तानसेन’ होते: गुणगुणण्यातून चाल काढायची आणि साठवलेल्या चालींशी ताडायची. पुढच्या काळात त्या विभागातला अभ्यास हिंदुस्तानी गायनातली मुख्य सुरावट साथीतून वेगळी काढण्याकडे वळला. आपल्या गाण्यात नेमके काय अवघड आहे हे त्यातून कळते. साथीच्या वाद्यांची अडचण ताडताना येत नाही, कारण प्रश्न विचारणारा एकटाच गुणगुणतो. पण ज्या संग्रहात शोधायचे तो ध्वनिमुद्रित असेल आणि त्यात टाळ, खंजिरी, पेटी सगळे एकत्र असेल, तर त्यातून चाल काढायला आधी कुणीतरी कष्ट घ्यावे लागतात. लहान संग्रहासाठी ते कष्ट यंत्राला न देता एखाद्या जाणकाराने प्रत्येक चालीच्या दोन ओळी स्वतः ‘ता ता’ करून मुद्रित करणे किंवा सरळ स्वरलिपीत लिहून काढणे अधिक विश्वासाचे आहे.

सुरांच्या मधल्या जागेचाही प्रश्न आहे. पाश्चात्त्य लोकगीत पायऱ्यांवरून चालते. आपल्या गाण्यात पायऱ्यांच्या मधूनही वाट जाते. मुंबईच्या एनसीपीएमध्ये सुवर्णलता राव आणि विम व्हान डर मीर यांनी हिंदुस्तानी गायनाचे जे सुरालेख काढले, त्यांत हे डोळ्यांना दिसते. गायक पंचमावरून षड्जावर जाताना रेषा उभी उडी घेत नाही. ती वळते, मधे धैवत-निषादाला स्पर्श करते, षड्जाच्या किंचित वर जाऊन खाली स्थिरावते. बर्नार्ड बेल यांनी 1980 च्या दशकात सुरावटीची हालचाल कागदावर उतरवणारे यंत्र बनवले, तेव्हाही हेच समोर आले. लांब मींड घेऊन गुणगुणणाऱ्याच्या एका ‘वर’चे यंत्र दोन किंवा तीन ‘वर’ करते. खटका घेतला तर मधे एक ‘वर’ आणि एक ‘खाली’ फुकट घुसतात.

म्हणून खुणांच्या दोन ओळी जागा धरून ताडता येत नाहीत. वाढदिवसाच्या गाण्याच्या पहिल्या दोन ओळी जोडून लिहिल्या तर बारा सुरांच्या अकरा खुणा होतात:

त व ख व ख ख त व ख व ख

समजा गुणगुणणाऱ्या बाईने सुरुवातीचे दोन पंचम एकत्र ओढले. पहिला त गेला आणि उरले:

व ख व ख ख त व ख व ख

आता पहिली खूण पहिलीशी, दुसरी दुसरीशी असे लावले, तर दहा जागांपैकी फक्त पाचवी जुळते. बाकी सगळे एक घर सरकले आहे. चूक एकच आहे आणि शिक्षा नऊ चुकांची. याला उपाय म्हणजे रशियन गणिती व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी 1965 मध्ये सांगितलेले अंतर. एका ओळीची दुसरी ओळ करायला कमीत कमी किती दुरुस्त्या लागतात ते मोजायचे; दुरुस्ती म्हणजे एक खूण घालणे, एक काढणे किंवा एक बदलणे. वरच्या उदाहरणात एकच दुरुस्ती पुरते, पुढे एक त घातला की झाले. त्याच बाईने षड्जावर जाताना मधे निषादाला स्पर्श केला आणि एक व वाढला, तरी अंतर दोनच होते. राष्ट्रगीताच्या पहिल्या ओळीशी मात्र हे अंतर किमान सात निघते, कारण तिथे आठ त आहेत आणि बाईच्या गुणगुणण्यात एकच. दोन आणि सात यांत गोंधळ होण्यासारखे काही नाही.

या अंतराचा एक तपशील लहान संग्रहात फार कामाचा ठरतो. सगळ्या चुका सारख्या मानू नयेत. ‘तेच’ची खूण गळणे ही तोंड मिटून गुणगुणण्याची रोजची चूक आहे, तिला कमी दंड ठेवावा. ‘वर’च्या जोडीला दुसरा ‘वर’ वाढणे ही मींडेची चूक, तिलाही कमी. ‘वर’च्या जागी ‘खाली’ येणे मात्र गुणगुणणाऱ्याकडून क्वचितच होते, तिथे पूर्ण दंड. शिवाय गाणे कुठून आठवेल हे ठरलेले नसते. कुणाला ध्रुवपद आठवते, कुणाला फक्त अंतऱ्याची उंच ओळ. म्हणून गुणगुणण्याची छोटी ओळ पूर्ण गाण्याच्या खुणांवर कुठेही बसवून पाहावी लागते, आणि अलीकडे-पलीकडे जे उरेल त्याला दंड लावत नाहीत.

इथपर्यंतचे सगळे जमले, म्हणजे वर्ध्यातल्या संग्रहावर ते लावून पाहता येईल. आणि तिथे असा प्रश्न समोर येतो जो कॉर्नेलला आला नव्हता. त्यांच्या 183 गाण्यांना आपापली चाल होती. वर्धा जिल्ह्यात जे रोज गायले जाते, त्यातला मोठा भाग तसा नाही.

‘गीताई’ घ्या. विनोबांनी ती 1930-31 मध्ये वर्ध्यात लिहिली, 1932 मध्ये ती छापली गेली, आणि वर्ध्याच्या गोपुरीत तिचे श्लोक शिळांवर कोरलेले मंदिर उभे आहे. सातशे श्लोक. पण ते म्हणायच्या चाली मोजक्या, आणि त्या छंदावर बसलेल्या. कुणी ‘ता ता’ करत गीताईचा श्लोक गुणगुणला, तर चालीवरून एवढे नक्की सांगता येईल की ही गीताई आहे. अध्याय कुठला, श्लोक कुठला, हे चालीत नाहीच. पवनारला किंवा सेवाग्रामला म्हटला जाणारा स्थितप्रज्ञाचा भाग आणि त्याच छंदातला दुसरा कुठलाही अध्याय वर-खालीच्या खुणांनी एकसारखे दिसतील. आणि ते खरेच एकसारखे आहेत, यंत्राची त्यात चूक नाही.

ओवीत हे आणखी टोकाला जाते. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या कामात लाखाहून अधिक ओव्या जमल्या. पुढे त्यांतल्या कित्येकांच्या ध्वनिमुद्रणात वर उल्लेख केलेले बर्नार्ड बेल सामील झाले. 2017 पासून तो संग्रह ‘पारी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या संकेतस्थळावर लोकांसमोर येऊ लागला. ओवीची चाल बाईची असते, तिच्या गावाची असते, फार तर तिच्या आईच्या गावाची. त्या एका चालीवर ती रात्र संपेपर्यंत ओव्या म्हणू शकते. तिथे गुणगुणण्यावरून ओवी शोधणे शक्य नाही. पण ही चाल आणखी कोणत्या गावात आहे, हे शोधणे शक्य आहे, आणि संग्राहकाला तो प्रश्न कदाचित अधिक मोलाचा वाटेल.

भुलाबाईची गाणी कॉर्नेलचा संग्रह आणि ओवी या दोन टोकांच्या मधे आहेत. गाणी अनेक, चाली त्यापेक्षा कमी, पण एक-दोन नक्की नव्हेत. आणि त्या चालींचा स्वभाव या पद्धतीसाठी अवघड आहे. बहुतेक चाली चार-पाच सुरांत फिरतात, प्रत्येक अक्षराला एक सूर असतो, आणि यादीसारख्या ओळींत तोच सूर पुन्हा पुन्हा येतो. म्हणजे ‘त’ भरपूर, मोठ्या उड्या जवळजवळ नाहीत. खुणा वाढवून हे सुटेल असे वाटते. व आणि ख यांचे लहान-मोठे असे दोन-दोन भाग केले, तर सा रे ग रे सा आणि सा म प म सा या दोन चाली वेगळ्या होतात. तीन खुणांत दोघीही व व ख ख असतात. पण भुलाबाईच्या चालीत मोठे पाऊलच फारसे नसेल, तर या वाढीव खुणा रिकाम्या राहतील.

तिथे उपयोग होतो तो लयीचा. सूर वर गेला की खाली याच्या जोडीला तो आधीपेक्षा लांब आहे, आखूड आहे की तेवढाच, हेही लिहायचे. मॅकनॅब यांच्या संग्रहातही लय जोडली की गाणे ओळखायला कमी सूर पुरतात असे दिसले. भुलाबाईच्या गाण्यात टिपऱ्या असल्यामुळे लय पक्की असते, आणि बाईने पट्टी बदलली तरी टिपरीची जागा सहसा चुकत नाही. म्हणून या संग्रहात सुरांपेक्षा लयीच्या खुणेला जास्त वजन द्यावे. सेवाग्रामच्या प्रार्थनेतल्या संथ भजनांसाठी उलट करावे, कारण तिथे गाणारा ओळ हवी तेवढी लांबवतो. तुकडोजी महाराजांची भजने पुन्हा भुलाबाईच्या बाजूला पडतात. खंजिरीच्या ठेक्यात ती इतकी घट्ट बसलेली आहेत की ठेका काढला तर गाणाऱ्यालाच चाल अडते.

म्हणजे एका जिल्ह्यातल्या तीन संग्रहांना एकच मोजमाप चालणार नाही. त्याहून आधी सूचीची नोंदच बदलावी लागेल. नोंद गाण्याची नको, चालीची हवी. समजा साठ गाण्यांच्या वहीत पंधरा चाली निघाल्या. मग खुणांच्या पंधराच ओळी साठवायच्या आणि प्रत्येकीखाली त्या चालीवरची गाणी लिहायची. बाईने गुणगुणले की यंत्राने एक गाणे समोर ठेवू नये, ती चाल आणि तिच्याखालची चार-सहा गाणी ठेवावीत. त्यांच्या पहिल्या ओळी वाचून दाखवल्या की आपले गाणे कोणते ते ती स्वतः सांगेल. शब्द आठवत नव्हता, पण समोर आल्यावर तो ओळखता येतो.

उलटीही गोष्ट आहे. एकच भजन दोन चालींत गायले जाते. आश्रम भजनावलीतल्या एखाद्या पदाची आश्रमातली चाल एक असते, आणि तेच पद वारकरी भजनात पखवाजावर वेगळ्या चालीने येते. रेडिओने लोकप्रिय केलेली चाल तिसरीच. सूचीत यापैकी एकच असेल तर गाणे संग्रहात असूनही सापडणार नाही. आणि हे अपयश दिसतही नाही, कारण यंत्र प्रत्येक वेळी सर्वांत जवळचे काहीतरी दाखवतेच. ते ओळखायची एक सरळ खूण आहे. पहिल्या क्रमांकाचे अंतर आणि दुसऱ्या क्रमांकाचे अंतर यांत मोठी फट असेल, दोन आणि सातासारखी, तर उत्तरावर विसंबता येते. पहिली पाच-सहा उत्तरे चार, चार, पाच, पाच अशी चिकटून आली, तर बहुधा ती चाल संग्रहात नाहीच. तेव्हा पहिले उत्तर खरे मानण्यापेक्षा ती गुणगुणलेली चाल नवी नोंद म्हणून ठेवणे योग्य, गाणाऱ्या बाईचे गाव आणि तिला आठवतात तेवढे शब्द यांसह.

2020 च्या ऑक्टोबरपासून गुगलनेही गुणगुणून गाणे शोधण्याची सोय दिली. ती प्रचंड संख्येने ध्वनिमुद्रणे ऐकून शिकलेल्या यंत्रावर चालते, आणि प्रसिद्ध झालेल्या गाण्यांसाठी चांगली आहे. भुलाबाईच्या गाण्यांसाठी मात्र मुद्रणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. तिथे तीन खुणांची जुनी पद्धत अधिक उपयोगी पडते, कारण तिला शिकवावे लागत नाही. एका चालीची एक खात्रीची नोंद झाली की ती चाल शोधात आली.

ती नोंद करायला मोठी साधने लागत नाहीत. मोबाइलचे मुद्रण, पंखा बंद केलेली खोली, टिपऱ्या बाजूला ठेवलेल्या, आणि एक विनंती: आधी शब्दांसह म्हणा, मग त्याच पट्टीत ‘ता ता’ करून म्हणा. लयीसाठी हाताने मांडीवर ठेका धरायला हरकत नाही, फक्त हलका. दुसऱ्या मुद्रणावरून खुणा काढायच्या, पहिल्यावरून त्या तपासायच्या. अक्षरे मोजली तर भुलाबाईच्या गाण्यात सुरांची संख्याही बहुतेक तेवढीच यायला हवी. ओळीत सोळा अक्षरे आणि यंत्राने मोजलेले सूर अकरा असतील, तर पाच ठिकाणी ‘तेच’ गळले आहे. ती जागा शोधून हाताने भरायची आणि मगच ती ओळ सूचीत घालायची.